१ एप्रिलपासून काय बदलतंय: नव्या धोरणाची एका पानाची सूचना

शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर. मंगळवार, १७ मार्च २०२६
फाउंड्री, मशिन शॉप, फेटलिंग, डिस्पॅच आणि ऑफिस, सर्वांसाठी

सहकाऱ्यांनो,

कंपनीचं सुधारित सेवा धोरण मंजूर झालं आहे. मूळ प्रत ३४ पानांची आणि इंग्रजीत आहे. टाइम ऑफिसमध्ये ती ठेवली आहे, कुणीही मागून वाचावी. पण त्यातली बरीचशी पानं पूर्वीचंच नव्या भाषेत सांगणारी आहेत. तुमच्या हजेरीवर, रजेवर आणि पगारावर ज्याचा खरोखर परिणाम होणार आहे, तेवढंच या मोठ्या कागदावर उतरवलं आहे. प्रत्येक बदलापुढे तारीख आहे. त्या तारखेपर्यंत जुनाच नियम चालेल.

आधी जे बदलत नाही ते सांगतो, कारण गेल्या आठवड्यात सगळ्यात जास्त चौकशी त्याचीच झाली. पाळ्यांच्या वेळा, सोमवारची साप्ताहिक सुट्टी, दिवाळीचा बोनस, कँटीनचे दर आणि पीएफची कपात जशीच्या तशी राहणार आहे. पगाराची तारीखही ७ हीच आहे.

१ एप्रिल २०२६ पासून

ओव्हरटाइम आणि खाडे यांचा हिशोब. आजवर हा हिशोब २१ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत धरला जायचा. त्यामुळे २५ तारखेला केलेल्या ओव्हरटाइमचे पैसे हातात पडायला सव्वा महिन्याहून जास्त लागायचा आणि पगारपत्रक पाहून कुणालाच मेळ लागायचा नाही. आता हिशोब १ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत. दर पूर्वीचाच, म्हणजे दुप्पट. ओव्हरटाइमची चिठ्ठी त्याच दिवशी पाळी सुटताना सुपरवायझरच्या सहीने टाइम ऑफिसात द्यायची. चिठ्ठीची एक प्रत तुमच्याकडे राहील, ती पगार हातात येईपर्यंत जपून ठेवा.

हा बदल होताना ७ एप्रिलच्या पगारात आकडा वेगळा दिसेल. त्यात २१ फेब्रुवारी ते ३१ मार्च अशा ३९ दिवसांचा ओव्हरटाइम आणि खाडे एकदम येतील. म्हणजे ओव्हरटाइम केलेल्यांना नेहमीपेक्षा जास्त रक्कम मिळेल, आणि बिनपगारी खाडे झालेल्यांची कपातही जास्त होईल. २१ ते ३१ मार्चमधल्या खाड्यांची कपात एकदम जड जात असेल, तर ३१ मार्चपर्यंत टाइम ऑफिसात सांगा. ती एप्रिल आणि मे अशा दोन पगारांत विभागून घेतली जाईल. हे आपणहून होणार नाही, सांगावंच लागेल.

भरपगारी रजेसाठी १८० दिवस. नव्या कामगार संहिता देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. त्यांनुसार वर्षात २४० दिवस भरण्याची जुनी अट जाऊन कामगारांसाठी ती १८० दिवसांवर आली आहे. २० दिवसांमागे १ रजा हे प्रमाण तेच आहे. आजारपणामुळे एखाद्याचे वर्षात २०० दिवसच भरले, तर जुन्या नियमाने त्याच्या खात्यावर काहीच जमा झालं नसतं. आता १० रजा जमा होतील. २०२६ चे संपूर्ण वर्ष, म्हणजे जानेवारीपासूनचे दिवस, नव्या नियमाने मोजले जातील आणि रजा १ जानेवारी २०२७ ला खात्यावर दिसतील. पुढच्या वर्षात नेता येणाऱ्या रजेची मर्यादा ३० दिवसच आहे.

ऐच्छिक सुट्टी. वर्षातून एक भरपगारी सुट्टी तुमच्या पसंतीने घेता येईल. जोतिबाची चैत्र यात्रा, गावची जत्रा, ईद, नाताळ, ज्याला जे जवळचं ते. यंदा चैत्र पौर्णिमा एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात आहे. सासनकाठीबरोबर जाणाऱ्यांनी २८ मार्चपर्यंत अर्ज द्यावा. एका विभागातून फार अर्ज आले, तर ज्यांचा सासनकाठीचा मान आहे त्यांना आधी सुट्टी मिळेल. हे विभागप्रमुखांशी ठरवून घेतलं आहे.

नोकरी सोडताना. शेवटच्या दिवसापर्यंतचा पगार दोन कामाच्या दिवसांत मिळेल. ग्रॅच्युइटी लागू असेल तर ती ३० दिवसांच्या आत, वेगळी.

१ मे २०२६ पासून

हजेरी चेहऱ्यावरून. गेटवरचं कार्ड पंच करायचं मशिन जाईल आणि चेहरा ओळखणारं नवीन मशिन येईल. नोंदणी ७ ते १९ एप्रिल, पाळी सुरू होण्याआधी अर्धा तास आणि सुटल्यावर अर्धा तास, टाइम ऑफिसच्या दाराशी. फेटलिंग आणि मोल्डिंगच्या लोकांनी तोंड धुऊन, मास्क आणि हेल्मेट काढून यावं. चेहऱ्यावर काळी धूळ असताना नोंद घेतली, तर पुढे स्वच्छ चेहरा मशिन ओळखत नाही आणि रोज गेटवर खोळंबा होतो. मशिनने ओळखलं नाही तर सिक्युरिटीच्या वहीत सही करा. वहीतली सही हजेरी म्हणून धरली जाईल, खाडा पडणार नाही.

उशिराचा नियम. हा बदल व्हावा म्हणून विभागाने दोन वर्षं आग्रह धरला होता, म्हणून जरा नीट सांगतो. आज १० मिनिटांची सवलत आहे आणि महिन्यात तिसऱ्यांदा उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापला जातो. १ मेपासून सवलत १५ मिनिटांची. त्यापुढे उशीर झाला तर जेवढी मिनिटं, तेवढ्याचीच कपात. रोज ८०० रुपये पडणारा माणूस २५ मिनिटं उशिरा आला, तर साधारण ४२ रुपये जातील. जुन्या नियमाने तिसऱ्या वेळी ४०० रुपये जायचे. तावडे हॉटेलच्या चौकात गाडी अडकली म्हणून अर्धा रोज घालवणं कुणालाच पटत नव्हतं. मात्र महिन्यात ६ पेक्षा जास्त वेळा उशीर झाला, तर विभागप्रमुख बोलावून कारण विचारतील.

१ जून २०२६ पासून

पुराच्या दिवसांचा नियम. धोरणातला हा भाग पूर्णपणे नवा आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचाही. २०१९ आणि २०२१ मध्ये महामार्ग इथेच, शिरोलीजवळ, पाण्याखाली गेला होता. त्या वेळी चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातल्या सहकाऱ्यांच्या घरात पाणी होतं, आणि कामावर न आलेले दिवस त्यांच्याच शिल्लक रजेतून वजा झाले. तसं आता होणार नाही.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फूट, म्हणजे इशारा पातळी झाली, की टाइम ऑफिस फलकावर आणि विभागांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ पातळी कळवेल. ज्यांच्या गावचा रस्ता आधी बंद होतो, त्यांनी त्या दिवसापासून पाळी संपण्याची वाट न पाहता सुपरवायझरला सांगून निघावं. उरलेल्या तासांचा पगार कापला जाणार नाही.

पातळी ४३ फुटांवर, म्हणजे धोका पातळीवर गेली, किंवा प्रशासनाने तुमच्या येण्याचा रस्ता बंद केला, की घरी थांबा. वर्षाला ६ दिवसांपर्यंत पूर्ण पगार मिळेल आणि रजा वजा होणार नाही. फोटो, दाखला, तलाठ्याची चिठ्ठी काही लागणार नाही. फक्त त्या दिवशी सुपरवायझरला फोन किंवा मेसेज करा. रस्ता बंद असल्याची खात्री टाइम ऑफिस जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या सूचनेवरून स्वतः करून घेईल. पाण्यात गाडी घालून कामावर येऊ नका. आलात म्हणून कुणी शाबासकी देणार नाही.

मेल्टिंगच्या लोकांसाठी वेगळी तरतूद केली आहे, कारण भट्टीत रस असताना त्यांना हातातलं काम टाकून निघता येत नाही. ४३ फुटांची सूचना आली की नवीन हीट लावायची नाही. चालू हीट ओतून झाली की सगळ्यांनी बाहेर पडायचं. हा निर्णय शिफ्ट सुपरवायझरचा. त्यासाठी वर फोन करून परवानगी घ्यायची गरज नाही, आणि राहिलेल्या उत्पादनाचा जाब त्यांना कुणी विचारणार नाही. परतीचा रस्ता बंद होऊन कुणी आत अडकलं, तर ट्रेनिंग हॉलमध्ये मुक्काम आणि कँटीनमध्ये दोन वेळचं जेवण कंपनीकडून. पाळीपुढे प्रत्यक्ष काम केलेल्या तासांना ओव्हरटाइमचा दर.

यासाठी तुमचा खरा राहता पत्ता आणि येण्याचा रस्ता आमच्याकडे हवा. बऱ्याच जणांचा आधारवरचा पत्ता गावचा आहे आणि राहणं कसबा बावड्यात किंवा नागावात. काहींचं अगदी उलट आहे. पिवळा फॉर्म टाइम ऑफिसात मिळेल, १५ मेपर्यंत भरून द्या. फॉर्म दिला नाही म्हणून पगार अडणार नाही, पण पातळी वाढत असताना कुणाला आधी सोडायचं ते आम्हाला कळणार नाही.

रजेचा अर्ज मोबाईलवर. ३१ मेपर्यंत कागद आणि मोबाईल दोन्ही चालतील. १ जूनपासून मोबाईल. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांनी टाइम ऑफिसात तोंडी सांगावं, तिथला माणूस अर्ज भरून त्याची छापील पावती देईल. सुपरवायझरने दोन दिवसांत उत्तर दिलं नाही, तर अर्ज आपोआप विभागप्रमुखांकडे जाईल.

जुलैमध्ये

४० वर्षांवरील कामगारांची मोफत आरोग्य तपासणी दरवर्षी होईल. मोल्डिंग आणि फेटलिंगमध्ये फुप्फुसाची तपासणी वय न पाहता सर्वांची. तारखा जूनमध्ये कळवू.

शंका असतील तर

कँटीनमध्ये २४ मार्चला फाउंड्री आणि फेटलिंग, २५ मार्चला मशिन शॉप, डिस्पॅच आणि ऑफिस, दोन्ही दिवशी पहिली पाळी सुटल्यावर लगेच बसू. दुसऱ्या पाळीच्या लोकांना त्या अर्ध्या तासासाठी उशीर धरला जाणार नाही. तिसऱ्या पाळीसाठी मी स्वतः दोन्ही रात्री पाळी सुरू होताना मशिन शॉपमध्ये असेन. कंत्राटी सहकाऱ्यांनीही यावं. पुराचे आणि सुरक्षिततेचे नियम त्यांनाही तसेच लागू आहेत, आणि पुराच्या ६ दिवसांचा पगार ठेकेदाराकडून मिळेल याची जबाबदारी कंपनीने घेतली आहे.

या कागदात आणि मूळ धोरणात कुठे फरक आढळला, तर कामगाराच्या फायद्याचा अर्थ धरला जाईल. हे व्यवस्थापनाकडून लेखी घेतलं आहे. ते पत्र या सूचनेशेजारीच फलकावर लावलं आहे.

कार्मिक विभाग प्रमुख

प्रती: मुख्य गेट, टाइम ऑफिस, कँटीन, चारही विभागांचे फलक, कामगार प्रतिनिधी