शनिवारी पहाटे, म्हणजे कधी?

शनिवारी पहाटे तीन वाजून वीस मिनिटांनी निनाद मुंबई विमानतळाच्या टर्मिनल 2 बाहेर, रेलिंगला टेकून, तिसरा चहा पीत उभा होता. दुबईचं विमान 2 वाजून 26 मिनिटांनी उतरल्याचं फोनवर दिसत होतं. ट्रॉल्या ढकलत माणसं बाहेर येऊन, गळ्यात पडून, निघूनही गेली होती. मामाचा पत्ता नव्हता.

त्याने फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"मामा, कुठे आहेस? बॅग आली नाही का?"

"बॅग कसली? रांगेतच उभा आहे अजून. थँक्सगिव्हिंगची गर्दी आहे रे, तुफान."

"इमिग्रेशनच्या?"

"छे, बॅगा टाकायच्या. चारला फ्लाइट आहे ना माझी."

निनादने घड्याळात पाहिलं. मग मागे मोठ्याने ऐकू येणारी इंग्रजी घोषणा ऐकली. मग हळूच विचारलं, "मामा, तू सॅन फ्रान्सिस्कोला आहेस?"

"मग काय मालाडला?"

चहाचा कप कचऱ्याच्या डब्यात गेला. "तिकीट पाठव. आत्ताच्या आत्ता. नंबर नको, सगळ्या तिकिटाचा फोटो पाठव."

फोटो आला. शुक्रवार 28 नोव्हेंबर, सॅन फ्रान्सिस्को, 16:00. त्याच ओळीच्या दुसऱ्या टोकाला मुंबई, 02:30, आणि शून्याच्या डोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरात +2. श्रीकांतमामाने तिकीट काढलं ऑगस्टमध्ये, ऑफिसच्या दोन मीटिंगांच्या मधल्या वेळात. शुक्रवारी निघायचं, मध्ये एक रात्र, म्हणजे शनिवार, असा साधा हिशेब त्याने केला. पुण्याहून नागपूरला रात्रीच्या गाडीने जाताना करतात तसा. पुढचं कोणी तपासलंच नाही, कारण घरच्या ग्रुपवर त्याने फक्त फ्लाइटचा नंबर टाकला होता आणि 'शनिवारी पहाटे 2:30'. तो नंबर रोज उडतो. शनिवारी पहाटे अडीचलाही त्या नंबरचं विमान उतरणारच होतं, आणि उतरलंही. त्यात मामा नव्हता एवढंच.

"असं बघ," निनाद म्हणाला, "तुझ्याकडे आत्ता शुक्रवार दुपारचे 1:50. आमच्याकडे साडेतेरा तास पुढे, शनिवार पहाटेचे 3:20. चारला तुझं विमान हलेल तेव्हा इथे साडेपाच वाजलेले असतील. शनिवार, पहाटे साडेपाच. आणि तू म्हणतोयस मी शनिवारी अडीचला पोचणार. म्हणजे निघायच्या तीन तास आधी."

पलीकडे बराच वेळ फक्त घोषणा ऐकू येत होत्या.

"पावणेसोळा तास दुबई, सव्वादोन तास तिथे, तीन तास मुंबई. एकवीस तास. साडेपाचात एकवीस मिळव."

"रविवार," मामा म्हणाला. "पहाटे अडीच."

आणि रविवारी, 30 तारखेला, दुपारी 12 वाजून 19 मिनिटांनी कोल्हापुरात केतकीचं लग्न होतं.

केतकीला हा एकच सख्खा मामा. गौरीहराशी बसलेल्या मुलीला हाताला धरून अंतरपाटापाशी आणायचं ते त्याने. तिची पिवळी अष्टपुत्री त्याच्याच पैशाने घेऊन तिच्या आईने, सुधाताईंनी, कपाटात ठेवली होती. आदल्या संध्याकाळच्या सीमांतपूजनाला तो हजर असेल, असं व्याह्यांनाही सांगून झालं होतं. गंमत अशी की त्याने ग्रुपवर 'शनिवारी रात्री अडीच' लिहिलं असतं तरी सगळं बरोबर ठरलं असतं. आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्रीला नाही. पंचांगही तसंच आणि बोलणंही. शनिवारची रात्र रविवार उजाडेपर्यंत शनिवारचीच असते. नेमका 'पहाटे' हा शब्द घात करून गेला.

आधी पोचवणारं दुसरं विमान शोधण्यात अर्थ नव्हता. यानंतर सुटणारं कुठलंही विमान याच्या आधी पोचेलसं दिसत नव्हतं. उरलं होतं ते अडीच ते बारा. निनादने विमानतळाच्या बाकावर बसून हिशेब उलटा मांडला. मुहूर्त 12:19. मंगलाष्टकं त्याआधी पंधरा मिनिटं सुरू होतात, शेवटचं 'तदेव लग्नं' मुहूर्ताच्या मिनिटाला यावं लागतं. म्हणजे मामा 12:00 ला कार्यालयात हवा. अंघोळ नाही, फक्त कपडे बदलायचे, तेही वाटेत. मुंबई विमानतळ ते कोल्हापूर 380 किलोमीटरच्या आसपास, न थांबता साडेसात तास. रेल्वेचा उपयोग नव्हता. महालक्ष्मी आदल्या रात्रीच निघून गेलेली असणार, आणि सकाळची कोयना रात्री पोचवते. गाडीच करायची, आणि पहाटे साडेचारच्या आत विमानतळ सोडायचा.

"मामा, ऐक. बॅगा टाकू नकोस."

"दोन आहेत. तेवीस-तेवीस किलो. ताईचं बीपीचं मशीन आहे त्यात."

"पट्ट्यावर बॅगा यायला कधी वीस मिनिटं लागतात, कधी पाऊण तास. दुबईला सव्वादोन तासांत बॅग दुसऱ्या विमानात चढली नाही तर तक्रार लिहून देण्यात आणखी तास. लग्नाचे कपडे हातातल्या बॅगेत घे, बाकी परत पाठव."

मामाने विमानतळाच्या फरशीवर बॅग उघडली. सिल्कचा कुर्ता, धोतर, उपरणं, चार्जर, औषधं. वजन सात किलोच्या आत बसवायला बुटांऐवजी कोल्हापुरी घेतली. ज्या मित्राने त्याला सोडलं होतं तो परत सॅन होजेच्या रस्त्याला लागला होता, त्याला मागे बोलावून दोन्ही बॅगा त्याच्या डिकीत गेल्या. चॉकलेटं, व्हिटॅमिनच्या बाटल्या आणि बीपीचं मशीन कॅलिफोर्नियातच राहिलं. काउंटरवर मामाने दुबई-मुंबईची सीट बदलून पुढची मागितली. मधली मिळाली, पण पुढच्या रांगेतली.

मुंबईत निनादपुढे वेगळाच पेच होता. तो नवरीचा भाऊ. कानपिळीला तो, लाजाहोमात लाह्या घालायला तो, आणि शनिवारी संध्याकाळी सीमांतपूजनालाही तोच. त्याला थांबता येणार नव्हतं. गाडी घेऊन कोल्हापूरहून आलेला शशी ड्रायव्हर पार्किंगमध्ये मागच्या सीटवर झोपला होता. त्याला उठवून सगळं सांगितलं.

"मंग आजचा दिवस मी हितंच ऱ्हातो की," शशी म्हणाला. "फकस्त झोपायला जागा बघा. गाडीत झोपून रात्रभर गाडी चालवायची न्हाई मी."

हे शशीचं बोलणं त्या रात्रीतलं सगळ्यात शहाणं होतं. अंधेरीत एका लॉजवर त्याची खोली झाली. दुपारभर झोप, संध्याकाळी टाकी फुल, फास्टॅगमध्ये पैसे, रात्री दोनला फोन करून उठवायचं. निनाद दादरहून पहाटेच्या शिवनेरीने पुण्याला, तिथून स्वारगेटहून एसटीने कोल्हापूरला गेला आणि चारच्या सुमारास घरी पोचला. सुधाताईंना त्याने सगळं सांगितलं ते सीमांतपूजन झाल्यावर. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त चुलतभावाला, विनायकला, बाजूला घेऊन म्हणाल्या, "उद्या तू पण फेटा बांधून तयार राहा."

दुबईहून विमान पंचवीस मिनिटं उशिरा सुटलं. 2:55 ला उतरलं. इमिग्रेशनला चार विमानांची माणसं एकदम आली होती, तिथे चाळीस मिनिटं गेली. पट्ट्याकडे न बघता मामा ग्रीन चॅनलमधून बाहेर पडला तेव्हा 3:50 झाले होते. चारला गाडी हलली. कळंबोलीला 4:50. घाटात वेग साठच्या वर न्यायचा नाही, कॅमेरे आहेत, शिवाय चढावर कंटेनर दुसऱ्या लेनमध्ये येतात. शशीने दोन्ही गोष्टी पाळल्या. देहूरोड सहा वाजून दहा. मामा मागे झोपला होता. त्याच्या शरीराच्या घड्याळात शनिवारची संध्याकाळ चालली होती.

खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंत सगळं हिशेबाप्रमाणे होतं. खंबाटकी घाट चढताना वळणावर एक ट्रेलर बंद पडला होता, आणि साताऱ्याकडे जाणाऱ्या सगळ्या गाड्या एका लेनमधून सरकत होत्या. शशीने इंजिन बंद केलं. पंचावन्न मिनिटं. मामाने दर दहा मिनिटांनी ग्रुपवर लोकेशन पाठवलं, आणि कार्यालयात निनादने ते दर दहा मिनिटांनी कोणालाही न दाखवता पाहिलं.

आनेवाडी 9:20. साताऱ्यापुढच्या पेट्रोल पंपावर मामाने सात मिनिटांत तोंड धुतलं आणि कपडे बदलले. धोतर त्याला नेसताच येईना, शेवटी शशीने नेसवलं, आणि तेही पैलवानी घट्ट. तासवडे 10:15. कराडच्या पुढे रस्त्याचं काम, सर्व्हिस रोडवरून वळवलेली वाहतूक, खड्डे, उसाच्या ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर. किणीचा नाका दिसला तेव्हा 11:30 झाले होते.

कार्यालयात गुरुजींनी सुधाताईंना विचारलं, "मामा?"

"शिरोलीला आलेत."

गुरुजींनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "मुहूर्त हलणार नाही. मंगलाष्टकं कमी करू. बारा दहाला सुरू केली तरी बसतील, पण मग शास्त्रोक्त तेवढीच. घरच्यांनी रचलेली म्हणता येणार नाहीत."

घरच्यांनी, म्हणजे प्रमिलाआत्याने. तिने सव्वा महिना खपून शार्दूलविक्रीडितात पाच कडवी रचली होती, दोन्ही घरांच्या तीन पिढ्यांची नावं गुंफून. तिला हे निनादने सांगायचं ठरलं.

तावडे हॉटेलच्या चौकात सिग्नल लागला. 12 वाजून 6 मिनिटांनी गाडी कार्यालयाच्या कमानीत शिरली. विनायकमामा फेटा बांधून गौरीहराच्या खोलीबाहेर उभाच होता. त्याने काही न बोलता फेटा काढून श्रीकांतच्या डोक्यावर ठेवला. तो दोन बोटं मोठा होता आणि थेट भुवयांवर आला. गुरुजींनी माइकवरून हाक दिली, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे."

केतकीने वर पाहिलं आणि म्हणाली, "तुझं धोतर कोणी नेसवलं?"

'तदेव लग्नं' 12:19 ला झालं. अक्षता पडल्या. प्रमिलाआत्याने टाकल्या नाहीत.

जेवणाची दुसरी पंगत उठल्यावर मामाने आपणहून फोन निनादपुढे धरला. "परतीचंही बघून ठेव बाबा. बुधवारी आहे."

निनादने वाचलं. बुधवार 3 डिसेंबर, मुंबई, 04:15. "मुंबईला कसा जाणार आहेस?"

"बुक केलंय. मंगळवारी रात्री नऊची स्लीपर. सकाळी सहाला मुंबई."

निनादने हात कोरडे केले, बसचं तिकीट रद्द केलं आणि लांबूनच शशीला हाक मारली. "शशी, मंगळवारी दुपारी दोनला निघायचंय!"