चिऊचा बिनदुधाचा आठवडा: आईसाठी

आई, सोमवारपासून माझं ऑफिस सुरू. चिऊचं खाणं आता तुझ्या हाती, म्हणून सगळं लिहून फ्रिजवर लावतेय. आहारतज्ज्ञांनी सांगितल्याप्रमाणे तिला रोज सुमारे ५०० मिलीग्रॅम कॅल्शियम आणि १२-१३ ग्रॅम प्रथिनं लागतात. प्रथिनांची काळजी नको, डाळ-उसळ-अंड्यातून ती सहज मिळतात. ॲलर्जीमुळे दूध बंद झालं की खरं अडतं ते कॅल्शियम. त्यामुळे खाली ‘रोज’ लिहिलंय ते चुकवू नकोस, बाकी तुझ्या मनाने बदल.

रोज
सकाळी उठल्यावर आणि दुपारी चारला सोयादूध, प्रत्येक वेळी १२५ मिली. निळा खोका आणलाय तेच, त्यात १०० मिलीला १२० मिलीग्रॅम कॅल्शियम वरून घातलेलं आहे. दोन वेळचं मिळून ३०० झालं. खोका जोरात हलवून ओत, कॅल्शियम तळाशी बसतं. घरी सोयाबीन वाटून केलेल्या दुधात ते फार कमी असतं. नारळाचं किंवा बदामाचं दूध चवीला ठीक, पण त्यात प्रथिनं अगदी कमी, म्हणून ते याच्या जागी नको.

नाचणीचं पीठ दोन मोठे चमचे (२५ ग्रॅम, म्हणजे साधारण ९० मिलीग्रॅम). मोड आणून, वाळवून दळलंय. चाळू नकोस, कॅल्शियम कोंड्यातच जास्त असतं.

भाजलेल्या तिळाचं कूट एक छोटा चमचा, भातावर नाहीतर भाजीत. अख्खे तीळ तसेच पोटातून निघून जातात.

ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टरांनी लिहिलेत तसेच, सकाळी.

सोमवार – नाचणीची लापशी, खजूर वाटून. सोयादूध त्यातलंच, लापशी कोमट झाल्यावर घाल. दुपारी मुगाची डाळ, मऊ भात, गाजर. चारला केळं. रात्री मटकीची उसळ चांगली घोटून, पोळी कुस्करून.

मंगळवार – नाचणीचं घावन आणि उकडलेलं अंडं. दुपारी शेवग्याचा पाला घालून तुरीचं वरण, भात. हा पाला तुझ्या परसात आहे, येताना पिशवीभर आण! पालकातही कॅल्शियम असतं, पण ते अंगी फार कमी लागतं. शेवगा आणि मेथी त्याहून बरी. रात्री मेतकूट-भात.

बुधवार – हुलग्याचं माडगं, तू मला करायचीस तसंच, गूळ आणि नारळाचं दूध घालून. हुलग्यात कॅल्शियम चांगलं असतं. दुपारी चिकन शिजवून बारीक तोडून, भात. रात्री नाचणीची उकड.

गुरुवार – मूगडाळीचं धिरडं, त्यात मेथी आणि नाचणीचं पीठ. दुपारी चवळीची आमटी-भात. चारला राजगिऱ्याचा लाडू चुरून, गुळाचा. विकतच्यात तूप असेल तर नको. रात्री अंडा-भुर्जी, पोळी.

शुक्रवार सोमवारसारखाच, फक्त रात्री पिठलं आणि नाचणीची भाकरी. शनिवार-रविवार मी घरी आहे, मी बघेन.

फोडणी सैल हाताने घाल, शेंगदाण्याचं तेल वापर. तूप-लोणी गेल्याने अंगाला स्निग्धता कमी पडते. ओलं खोबरं आणि शेंगदाण्याचं कूटही घाल, पण अख्खा दाणा कधीच देऊ नकोस, घशात अडकतो.

अजिबात नको
ताक, दही, पनीर, खवा, तूप. तुपात दुधाची प्रथिनं थोडी उरतात. म्हशीचं, शेळीचं, ‘ए-टू’ म्हणून मिळतं तेही नाही. त्या सगळ्यांतली प्रथिनं एकमेकांसारखीच असतात. बिस्किट-ब्रेडच्या पुड्यावर मिल्क सॉलिड्स, व्हे किंवा केसिन दिसलं तर परत ठेव. शेजारच्या काकूंना मी सांगितलंय, पण देवळातलं पंचामृत आणि पेढा कुणी प्रेमाने देईल, तेव्हा तू ठाम राहा. आमच्या पोळ्यांना तूप लावायचा चमचा वेगळा आहे, लाल मुठीचा. चिऊची पोळी आधी भाज.

चुकून काही पोटात गेलं आणि अंगावर गांधी उठल्या तर डॉक्टरांनी दिलेलं औषध फ्रिजच्या दारात आहे, चिठ्ठीवर प्रमाण आहे. ओठ-जीभ सुजली, श्वासाला त्रास झाला, सारखी उलटी झाली किंवा ती मलूल पडली तर औषधाचा परिणाम बघत थांबू नकोस, मला फोनही नंतर कर. रिक्षा करून थेट दवाखान्यात ने.

सोयादुधाचे चार खोके वरच्या कप्प्यात आहेत. उघडलेला खोका तीन दिवसांत संपव.