कुत्र्याच्या भीतीची शिडी

ताई, काल ठरलं तसं सगळं लिहून पाठवतेय. दुधासाठी तुम्ही रोज अख्ख्या गल्लीला वळसा मारता ना, कोपऱ्यावरच्या गेटात कुत्रा असतो म्हणून, तो वळसाच भीतीला खाऊ घालून राहिलाय. वाट बदलली की लगेच हायसं वाटतं आणि मन धरून बसतं की वळलो म्हणून वाचलो.

आपण जे करतोय ते जोसेफ वोल्पे या डॉक्टरनं 1958 च्या पुस्तकात मांडलं होतं. अंग पूर्ण सैल असलं की भीती तिथे जोर धरू शकत नाही, म्हणून आधी सैल व्हायला शिकायचं आणि मग थोडी थोडी भीती समोर आणायची.

पहिले दोन आठवडे कुत्र्याचं नावच नको. रोज 15-20 मिनिटं, मूठ 5-7 सेकंद घट्ट आवळा, सोडा, सैलपणा कसा वाटतो ते नीट जाणवू द्या, मग खांदे, जबडा, पोट, पाय. हे कंटाळवाणं वाटेल पण प्लीज सोडू नका, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

मग ही शिडी. आकडे तुम्हीच दिलेले, 0 म्हणजे निवांत, 100 म्हणजे थरकाप:

10 – पिल्लाचा फोटो
20 – मोठ्या कुत्र्याचा व्हिडिओ, आवाज बंद
35 – तोच, भुंकण्यासकट
45 – फुटाळा तलावावर पट्ट्यातला कुत्रा, रस्त्याच्या पलीकडून
60 – कोपऱ्यावरच्या बंद गेटासमोरून, भाऊजी सोबत
70 – तेच, एकटीनं
80 – मावशींची म्हातारी लॅब्राडॉर, एकाच खोलीत, पट्टा मावशींच्या हातात
90 – तिच्या पाठीवरून हात फिरवणं
100 – ती खोलीत मोकळी, तुम्ही खुर्चीवर बसलेल्या

प्रत्येक पायरी आधी माझ्यासमोर डोळे मिटून, मनातल्या मनात. धडधडलं की बोट वर करा, चित्र सोडून परत अंग सैल करू. सलग दोन-तीनदा शांत राहिलात की तीच पायरी खरीखुरी करायची. 45 वरून 60 ची उडी जड गेली तर मध्ये अजून एक पायरी टाकू, त्यात हरण्यासारखं काहीच नाही. आणि प्रत्यक्षात भीती चढली तर त्याच क्षणी पळू नका हो, दोन पावलं मागे येऊन थांबा, आकडा उतरू द्या, मगच निघा.

एक मात्र पक्कं, रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्याला हात लावणं या शिडीत कुठेच नाही, तिथली सावधगिरी बरोबरच आहे. कधी चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी मेडिकल नाहीतर मेयो हॉस्पिटलात जाऊन इंजेक्शन घ्यायचं.

गुरुवारी वही घेऊन या, रोजच्या सरावाआधीचा आणि नंतरचा आकडा लिहून.