जीवशास्त्र, सत्र परीक्षा: प्रश्न ५ चे उत्तर (गुण १०)

प्रश्न ५. पेशीअंगक म्हणजे काय? पेशीबाहेर स्रवणारे एखादे प्रथिन तयार होऊन बाहेर पडेपर्यंत ज्या अंगकांतून जाते त्यांची रचना व कार्य उदाहरणासह स्पष्ट करा. तंतुकणिकेची सुबक नामनिर्देशित आकृती काढून तिची रचना व कार्य लिहा. वनस्पतीपेशीत आढळणारी वेगळी अंगके थोडक्यात सांगा. (२ + ४ + ३ + १)

उत्तर:

(अ) पेशीअंगक

पेशीद्रव्यात असणाऱ्या, ठरावीक रचना आणि ठरावीक कार्य असलेल्या भागाला पेशीअंगक म्हणतात. केंद्रक, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल, लयकारिका, तंतुकणिका, लवके आणि रिक्तिका ही पटलयुक्त अंगके आहेत. यांपैकी केंद्रक, तंतुकणिका आणि लवके यांना दुहेरी पटल असते, बाकीच्यांना एकेरी. रायबोझोम आणि तारककेंद्र यांना पटलच नसते, त्यामुळे पटल असणे हीच अंगकाची अट मानणारे त्यांना अंगकांत धरत नाहीत. या उत्तरात कार्यावर भर असल्याने रायबोझोमला अंगक मानले आहे.

पटलाचा खरा उपयोग म्हणजे पेशीत वेगवेगळे कप्पे तयार होतात. लयकारिकेच्या आतला सामू सुमारे ५, तर तिच्याबाहेरच्या पेशीद्रव्याचा सुमारे ७.२ असतो. एकाच पेशीत, एकाच वेळी दोन्ही टिकतात ते मधल्या पटलामुळे. जिवाणूंसारख्या आदिकेंद्रकी पेशींत पटलयुक्त केंद्रक नसते आणि वरील पटलयुक्त अंगकेही नसतात, रायबोझोम मात्र असतात.

(आ) स्रवणाऱ्या प्रथिनाचा मार्ग. उदाहरण: स्वादुपिंडातील बीटा पेशी आणि इन्सुलिन

मार्ग असा:

केंद्रक → रायबोझोम → खडबडीत आंतर्द्रव्यजालिका → गॉल्गी संकुल → स्रावक पुटिका → प्रद्रव्यपटल → पेशीबाहेर

केंद्रक. दुहेरी केंद्रकपटल, त्यावर छिद्रे, आत क्रोमॅटिनचे जाळे आणि केंद्रकी अशी याची रचना आहे. क्रोमॅटिन डीएनए आणि प्रथिने यांचे बनलेले असते. पेशीविभाजनाच्या वेळी ते आखडून गुणसूत्रे दिसू लागतात. केंद्रकीत रायबोझोमचे घटक जुळवले जातात. इन्सुलिनचे जनुक बीटा पेशीच्या केंद्रकात असते. त्याचे प्रतिलेखन होऊन तयार झालेला एम-आरएनए केंद्रकपटलाच्या छिद्रांतून पेशीद्रव्यात येतो. डीएनए स्वतः बाहेर येत नाही.

इन्सुलिनचे जनुक शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात असते, पण ते मुख्यतः बीटा पेशींतच वापरले जाते. म्हणून 'केंद्रक पेशीच्या कार्यांचे नियंत्रण करते' या वाक्याचा अर्थ कोणते जनुक कोणत्या पेशीत कधी वापरायचे याचे नियंत्रण, असा घ्यावा.

रायबोझोम. आरएनए आणि प्रथिने यांचे बनलेले, एक लहान व एक मोठे अशी दोन उपघटके असलेले सूक्ष्म कण. दृश्यकेंद्रकी पेशीच्या पेशीद्रव्यातील रायबोझोम ८०एस प्रकारचे असतात. त्यांची उपघटके ६०एस आणि ४०एस. या आकड्यांची बेरीज १०० येते, तरी यात चूक नाही: 'एस' हे वजन नसून अपकेंद्रित्रात कण किती वेगाने खाली बसतो याचे माप आहे, त्यामुळे त्याची साधी बेरीज होत नाही. रायबोझोमवर एम-आरएनएचे भाषांतरण होऊन अमिनो आम्लांची साखळी तयार होते.

इन्सुलिनची साखळी तयार होऊ लागली की तिच्या सुरुवातीचा तुकडा संकेताचे काम करतो. तो बाहेर येताच रायबोझोम आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलाकडे नेले जाते. असा संकेत नसलेली प्रथिने मोकळ्या रायबोझोमवरच पूर्ण होतात. मोकळे आणि चिकटलेले रायबोझोम रचनेने सारखेच असतात. त्यांवर तयार होणारे प्रथिन त्यांची जागा ठरवते.

आंतर्द्रव्यजालिका. केंद्रकाच्या बाह्य पटलाशी सलग असलेले, एकमेकांना जोडलेल्या चपट्या पिशव्या व नलिका यांचे जाळे. ज्या भागावर रायबोझोम असतात तो खडबडीत, नसतात तो गुळगुळीत. खडबडीत भागात रायबोझोमवर बनणारी साखळी पटलातून थेट आतल्या पोकळीत शिरते. तिथे इन्सुलिनच्या साखळीचा संकेत-तुकडा कापला जातो, साखळीला योग्य घड्या पडतात आणि गंधकयुक्त बंध तयार होतात. घडी चुकलेली प्रथिने सहसा पुढे पाठवली जात नाहीत, ती मागे काढून मोडली जातात.

गुळगुळीत भाग या मार्गात नाही, पण रचना-कार्य संबंधाचे चांगले उदाहरण म्हणून त्याची नोंद हवी. तो मेद व स्टेरॉइड तयार करतो, यकृतात औषधे आणि विषारी द्रव्ये निष्प्रभ करतो, स्नायूपेशीत कॅल्शियम साठवतो. बीटा पेशी प्रथिने स्रवते, म्हणून तिच्यात खडबडीत जालिका भरपूर. वृषणातील संप्रेरक स्रवणारी पेशी स्टेरॉइड बनवते, म्हणून तिच्यात गुळगुळीत जालिका भरपूर.

गॉल्गी संकुल. १८९८ मध्ये कॅमिलो गॉल्गी यांनी चेतापेशींत याचे वर्णन केले. ताटल्यांच्या चळतीसारख्या रचलेल्या चपट्या, किंचित वक्र कुंडांचे हे अंगक आहे. चळतीला दोन वेगळ्या बाजू असतात. जालिकेकडून आलेल्या पुटिका एका बाजूने, म्हणजे ग्राही बाजूने, मिसळतात आणि माल दुसऱ्या, पाठवणाऱ्या बाजूने नव्या पुटिकांत भरून निघतो. आकृती काढताना या दोन बाजू दाखवणे महत्त्वाचे आहे, कारण काम एकाच दिशेने पुढे सरकते. प्रथिनांना शर्करेचे रेणू जोडणे, जोडलेले रेणू बदलणे, आणि कोणता माल कुठे जाणार याची वर्गवारी करणे ही गॉल्गी संकुलाची कामे.

बीटा पेशीत प्रोइन्सुलिन, म्हणजे इन्सुलिनची घडी पडलेली पण अजून मधून न कापलेली साखळी, गॉल्गी संकुलातून स्रावक पुटिकांत भरले जाते. या पुटिकांमध्ये विकरे साखळीचा मधला तुकडा कापून वेगळा करतात आणि ५१ अमिनो आम्लांचे, दोन साखळ्यांचे कार्यक्षम इन्सुलिन उरते. रक्तातील ग्लुकोज वाढले की पुटिका प्रद्रव्यपटलाशी एकरूप होतात आणि इन्सुलिन बाहेर पडते. म्हणजे प्रथिन पेशीबाहेर जाताना पटल भेदत नाही. पुटिकेचे पटलच प्रद्रव्यपटलाचा भाग होते.

लयकारिका. याच मार्गाला फुटलेला फाटा. पचन करणारी विकरेही खडबडीत जालिकेत तयार होतात. गॉल्गी संकुलात त्यांच्यावर मॅनोज-६-फॉस्फेटची खूण चढते, आणि ती खूण ओळखून त्यांची रवानगी पेशीबाहेर न होता लयकारिकांकडे होते. लयकारिका म्हणजे एकेरी पटलाची, आम्लधर्मी आतला भाग असलेली पुटिका. ती पेशीने गिळलेले जिवाणू आणि पेशीतलीच जुनी, निकामी अंगके पचवते. तिला 'आत्मघाती पिशवी' म्हणतात, पण तिचे रोजचे काम हे सफाईचे आहे. शिवाय एखादी लयकारिका फुटली तरी तिची विकरे पेशीद्रव्याच्या सामूला फारशी चालत नाहीत. लयकारिकेतील एकच विकर जन्मतः नसले तर न पचलेला पदार्थ पेशीत साठत जातो. टे-सॅक्स या आजारात चेतापेशींत असेच घडते.

(इ) तंतुकणिका

वरच्या प्रत्येक टप्प्याला ऊर्जा लागते. साखळीत अमिनो आम्ले जोडायला, पुटिका हलवायला आणि लयकारिकेत प्रोटॉन ढकलून ती आम्लधर्मी ठेवायलाही.

```
    .--------------------------------.
   /  .-----. .------. .------. .--.  \------- बाह्य पटल
  |  /      | |      | |      | |   \--|------ आंतर पटल
  | |       '-'      '-'      '-'----|-|------ वली (शिखा)
  | |   o         @        o  -------|-|------ आधारद्रव्य
  | |     o      .-.      .-.   o----|-|------ रायबोझोम (७०एस)
  |  \           | |      | |   @---/--|------ वर्तुळाकार डीएनए
   \  '----------' '------' '------' -/------- दोन पटलांमधील पोकळी
    '--------------------------------'
```
आकृती: तंतुकणिका (उभा छेद)

रचना: लांबी साधारण १ ते १० मायक्रोमीटर, रुंदी ०.५ ते १ मायक्रोमीटर. बाह्य पटल सपाट असून त्यातील प्रथिनांच्या वाटांमुळे लहान रेणूंना सहज पार करता येते. आंतर पटल फार निवडक असते आणि त्याला आत वळलेल्या घड्या, म्हणजे वली असतात. वली हा आंतर पटलाचाच भाग आहे, आत ठेवलेला वेगळा पडदा नाही. म्हणून आकृतीत वलीची रेषा आंतर पटलापासून न तुटता आत गेलेली व परत आलेली दाखवली आहे. आत जेलीसारखे आधारद्रव्य, त्यात विकरे, स्वतःचा वर्तुळाकार डीएनए आणि ७०एस प्रकारात मोडणारे रायबोझोम.

कार्य: ग्लुकोजच्या विघटनाचा पहिला टप्पा पेशीद्रव्यात होतो. पुढचे क्रेब्ज चक्र आधारद्रव्यात चालते. इलेक्ट्रॉन वहन साखळी आंतर पटलात असते. ती प्रोटॉन दोन पटलांमधील पोकळीत ढकलते. हे प्रोटॉन आंतर पटलातील एटीपी सिंथेज या विकरातून परत आत येताना एटीपी तयार होते, आणि वरच्या टप्प्यांना लागणारी ऊर्जा याच रेणूतून मिळते. वलींमुळे या पटलाचे क्षेत्रफळ वाढते, तेवढ्या जास्त साखळ्या आणि तेवढी जास्त विकरे त्यावर मावतात. सतत काम करणाऱ्या हृदयस्नायूच्या पेशीत तंतुकणिका खूप आणि त्यांच्या वली दाट असतात. उलट सस्तन प्राण्यांच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशीत त्या नसतातच, त्यामुळे ती पेशी वाहून नेत असलेला ऑक्सिजन स्वतः वापरत नाही.

स्वतःचा डीएनए असल्यामुळे तंतुकणिका आपली काही प्रथिने स्वतः बनवते. मानवात मात्र अशी प्रथिने फक्त १३. बाकीची केंद्रकातील जनुकांवरून पेशीद्रव्यात बनून आत येतात, म्हणून तंतुकणिकेला 'अर्धस्वायत्त' म्हणतात. वर्तुळाकार डीएनए, जिवाणूंसारखे रायबोझोम आणि दुहेरी पटल यांवरून ती एकेकाळी स्वतंत्र जगणाऱ्या जिवाणूपासून आली असे मानले जाते.

(ई) वनस्पतीपेशीतील वेगळी अंगके

लवके: हरितलवकात दुहेरी पटलाच्या आत पीठिका आणि तीत थायलॅकॉइडच्या चळती असतात. प्रकाश थायलॅकॉइडच्या पटलावर शोषला जातो, शर्करा पीठिकेत तयार होते. वर्णलवके फुलाफळांना पिवळा ते लाल रंग देतात, अवर्णलवके स्टार्च, मेद किंवा प्रथिने साठवतात.

मोठी मध्यवर्ती रिक्तिका: एकेरी पटलाची, पूर्ण वाढलेल्या पेशीचा बहुतांश भाग व्यापणारी. ती पाणी, क्षार आणि टाकाऊ पदार्थ साठवते व आतून दाब देऊन पेशी ताठ ठेवते. पाणी कमी झाले की हा दाब घटतो आणि पान मलूल होते.

पेशीभित्तिका वनस्पतीपेशीत असली तरी ती प्रद्रव्यपटलाच्या बाहेर असते, म्हणून अंगकांत मोजलेली नाही.