रोज सकाळचा मेसेज: सायबर सुरक्षा, सर्व शाखा आणि पिग्मी एजंट ग्रुप

*सोमवार, 9:35*
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात ट्रेनिंगला 46 स्लाइडचं जे प्रेझेंटेशन दाखवलं ते आता रोज थोडं थोडं करून इथे टाकणार आहे, काउंटर उघडायच्या आधी, वाचायला मिनिटभर लागेल. ट्रेनिंगनंतर मी तीन शाखांत सहज विचारलं की फसवणुकीत पैसे गेले तर कुठे फोन करायचा, एकालाच सांगता आलं. म्हणून पहिला धडा तोच.
*1930*
आधी इथे फोन, मग cybercrime.gov.in वर तक्रार. आत्ताच सेव्ह करा, नाव "पैसे गेले" ठेवा म्हणजे घाईत पटकन सापडेल. सेव्ह झालं की अंगठा टाका.

*मंगळवार, 9:38*
कालचा नंबर एवढा महत्त्वाचा का ते सांगतो. चोर पैसे एकाच खात्यात ठेवत नाहीत, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवतात आणि मग एटीएममधून काढून घेतात. 1930 ला लवकर कळवलं तर मधल्याच कुठल्यातरी बँकेत रक्कम अडवता येते, उशीर झाला की हातात काही राहत नाही. माझ्या सख्ख्या मावशीचे 48 हजार गेले, काका ओरडतील म्हणून ती दोन दिवस कोणाशी बोललीच नाही, तोवर खातं रिकामं.
तेव्हा खातेदार घाबरलेला आला तर आधी बसवा, पाणी द्या आणि त्याच्याच फोनवरून 1930 लावून द्या. व्यवहाराचा नंबर, रक्कम, वेळ आणि बँकेचं नाव विचारतात, ते कागदावर काढून ठेवा. "ओटीपी दिलाच कशाला" हे त्या वेळी कृपया कोणी बोलू नका.

*बुधवार, 9:31*
पैसे *घ्यायला* यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार.
पिग्मी एजंट मंडळी, तुम्ही रोज पन्नास दुकानांत जाता, आज प्रत्येक दुकानदाराला हे एक वाक्य सांगून या.

*गुरुवार, 9:40*
आज जरा मोठा मेसेज आहे, पण नीट वाचा कारण हे आपल्याच एका एजंट दादांच्या फोनवर आलंय. ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून व्हॉट्सॲपला "आमच्याकडे लग्नाला नक्की यायचं हं" आणि खाली फाइल, नाव लग्नपत्रिका.apk. पत्रिका ही फोटो किंवा पीडीएफ असते, शेवटी .apk दिसलं की ते ॲप आहे, पत्रिका नाही. इन्स्टॉल केलं की ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आपण घाईत Allow दाबतो, मग आपले ओटीपी तिकडे कोणीतरी वाचत बसतं. आणि ओळखीच्या नंबरवरून का येतं, तर त्या माणसाचा फोन आधीच गेलेला असतो, त्याला बिचाऱ्याला माहीतही नसतं. आरटीओ चलन, वीजबिल, केवायसी अशा नावांनीपण हेच फिरतंय.
चुकून इन्स्टॉल झालंच तर लगेच विमान मोड लावा आणि *दुसऱ्या* फोनवरून बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर 1930 पण. दादांनी उघडायच्या आधी मला फोटो पाठवला, खूप बरं केलं.

*शुक्रवार, 9:36*
"मी जेवायला जातोय, माझा पासवर्ड घे आणि व्हाउचर पास कर." हे आपल्याकडे चालतं, सगळ्यांना माहितीये. एंट्री करणारा एक आणि पास करणारा दुसरा असं का ठेवलंय, तर एकट्याला गडबड करता येऊ नये म्हणून, आणि लॉगमध्ये नाव तुमचं येतं, व्हाउचर कोणीही पास केलं असलं तरी. उठताना विंडोज बटण आणि L दाबा, स्क्रीन लॉक होते. आणि मॉनिटरला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी आज काढून फाडा, प्लीज.

*शनिवार, 9:30*
काल एका शाखेतून विचारणा आली म्हणून ठरलेला विषय मागे ठेवतो. एक रिटायर्ड काका मुदतीआधी ठेव मोडायला आले, कानात इअरफोन, कारण सांगायला तयार नाहीत, सारखं "लवकर करा". नंतर कळलं की दोन दिवस व्हिडिओ कॉलवर कोणीतरी पोलिसाच्या वेशात त्यांना धमकावत होतं, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, कोणाला सांगितलं तर आत टाकू. आपल्या कॅशियर ताईंना शंका आली म्हणून पैसे वाचले.
*डिजिटल अरेस्ट असा प्रकार कायद्यात नाहीच.* पोलीस, सीबीआय, ईडी कोणी व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही की पैसे मागत नाही. पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या मन की बातमध्येसुद्धा हेच सांगितलं होतं, खातेदाराला तुमचं पटत नसेल तर हे सांगा, बऱ्याचदा त्याने पटतं.
कॉल चालूच असेल तर तोंडाने विचारू नका, तिकडचा ऐकत असतो. ताईंनी केलं तसं करा, स्लिपच्या मागे लिहून पुढे सरकवा: "काका, फोनवर कोणी धमकावतंय का? हो असेल तर फक्त मान हलवा." मग केबिनमध्ये न्या, फोन बंद करायला लावा, घरच्यांना बोलावून घ्या. दहा मिनिटं उशीर झाला म्हणून कोणी रागावलं तर माझं नाव सांगा.

*सोमवार, 9:37*
"आपल्या एवढ्याशा संस्थेला कोण हॅक करणार" असं दोघांनी विचारलं. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत 94 कोटी गेले, बनावट कार्डं वापरून अनेक देशांतल्या एटीएममधून पैसे काढले होते. जुलै 2024 च्या शेवटी छोट्या बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि जवळपास 300 छोट्या बँकांचे ऑनलाइन व्यवहार थांबले. छोटे आहोत म्हणून कोणी सोडत नाही. बाहेरचा पेनड्राइव्ह शाखेच्या कॉम्प्युटरला लावू नका, मुलांचा प्रोजेक्ट प्रिंट करायचा असला तरी.

*मंगळवार, 9:33*
चेअरमन साहेबांचा फोटो, नवीन नंबर, "मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, तातडीने एवढ्याची आरटीजीएस करा." असा मेसेज आला तर साहेबांच्या *जुन्या* नंबरवर फोन करा, मीटिंग असो वा नसो. साहेबांशी माझं बोलणं झालंय, फोन आला म्हणून ते चिडणार नाहीत.

*बुधवार, 9:41*
दोन मिनिटांचं काम. *#21# डायल करा, आपले कॉल दुसऱ्या नंबरला वळवलेत का ते स्क्रीनवर दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर ##002# डायल करून बंद करा आणि मला कळवा. मग व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडा, आपलं नसलेलं काही असेल तर लॉगआउट.
आणि ज्यांच्या हातून काही क्लिक झालंय आणि अजून सांगितलं नाही त्यांच्यासाठी: मला फोन करा, रात्री 11 ला पण चालेल. मॅनेजर साहेबांशी बोलून ठेवलंय, स्वतःहून सांगणाऱ्यावर मेमो निघणार नाही.

*गुरुवार, 9:35*
आज धडा नाही, तीन प्रश्न आहेत. उत्तरं ग्रुपवर नको, मला पर्सनलला टाका, संध्याकाळी 5 पर्यंत.
1. दुकानदार म्हणतो, "रिफंड येणार म्हणून पिन मागतायत." काय सांगाल?
2. दुपारी जेवायच्या वेळेला आयटीवाला म्हणून फोन येतो, "सर्व्हर अपडेट आहे, स्क्रीन शेअरचं ॲप टाका आणि कोड सांगा." कोणाला फोन कराल, आणि कुठल्या नंबरवर?
3. आजी ठेव मोडायला आल्यात, फोन चालू आहे. स्लिपवर काय लिहाल? शब्दशः लिहून पाठवा.