मावशी, घरी गेल्यावर: गोळ्या, वजन, पाणी, मीठ आणि कधी धावत यायचं

हा कागद नातीने मोठ्याने वाचायचा. आजीने ऐकायचा. काका आणि सूनबाई, तुम्हीही बसा. घाई नको. एक भाग वाचला की थांबायचं, मग पुढे.

मावशी, तुम्हाला काय झालंय

तुमचं हृदय बंद पडलेलं नाही. त्याची रक्त ढकलायची ताकद कमी झाली आहे. म्हणून अंगात पाणी साचतं. पायात, पोटात, फुप्फुसात. फुप्फुसात साचलं की दम लागतो. त्या रात्री तुम्हाला आडवं होता येत नव्हतं ते यामुळेच.

गोळ्यांनी हे पाणी निघतं आणि हृदयावरचा ताण कमी होतो. बरं वाटलं म्हणून गोळी बंद केली तर पाणी परत साचतं. गेल्या वेळी तेच झालं. तुम्ही मला खरं सांगितलंत, की भाऊच्या धक्क्यावर नि बाजारात बाईमाणसाला जायला धड जागा नाही, म्हणून लघवीची गोळी टाळत होतात. मी डॉक्टरांशी बोलले. त्यावर तोडगा काढला आहे, खाली आहे.

गोळ्या

दिवसाला एकूण ५ गोळ्या. ३ पाकिटं केली आहेत. गोळ्या पट्टीतच ठेवल्या आहेत, सुट्या करू नका. पाकिटावर चित्र आहे.

☀ सूर्याचं पाकीट. सकाळी ७ वाजता, चहा-नाश्ता झाल्यावर. २ गोळ्या.
एक: कार्व्हेडिलॉल ३.१२५ मिलिग्रॅम. १ गोळी. पट्टीवर 3.125 छापलेलं असतं. ३ नंतर टिंब आहे, ते बघायचं. ही गोळी उपाशीपोटी कधीच नाही, चक्कर येते.
दुसरी: स्पायरोनोलॅक्टोन २५ मिलिग्रॅम. १ गोळी. पट्टीवर 25.

💧 थेंबाचं पाकीट. सकाळी ७ वाजता, सूर्याच्या गोळ्यांसोबतच. १ गोळी.
फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम. पट्टीवर 40. ही लघवीची गोळी. घेतल्यावर तासाभरात लघवी लागते, पुढे काही तास वरचेवर जावं लागतं.

🌙 चंद्राचं पाकीट. रात्री ८ वाजता, जेवण झाल्यावर. २ गोळ्या.
एक: कार्व्हेडिलॉल ३.१२५ मिलिग्रॅम. १ गोळी. सकाळचीच, दुसऱ्यांदा.
दुसरी: रामिप्रिल २.५ मिलिग्रॅम. १ गोळी. पट्टीवर 2.5. इथेही टिंब आहे. टिंब विसरलं तर २५ होतात, म्हणजे दहापट.

मावशी, गोळीच्या रंगावर जाऊ नका. दुकानात दुसऱ्या कंपनीची गोळी मिळाली तर रंग बदलतो. नाव आणि आकडा बदलता कामा नये. आकडा वेगळा दिसला तर ती गोळी तोंडात टाकायची नाही. आधी आम्हाला फोन.

बाजार सुरू झाल्यावर थेंबाची गोळी

पुढच्या सोमवारी तपासणी होईपर्यंत टोपली डोक्यावर घ्यायची नाही, बाजाराला जायचं नाही. त्यानंतर डॉक्टरांनी बाजाराला जायला हो म्हटलं, की मग बाजाराच्या दिवशी थेंबाची गोळी सकाळी घेऊ नका. घरी परत आलात की घ्या. दुपारी ४ च्या आत कधीही चालेल. ४ नंतर घेतली तर रात्रभर उठावं लागेल. म्हणून त्या दिवशीची गोळी ४ च्या आत घ्यायचीच, टाळायची नाही. सूर्याच्या गोळ्या मात्र रोजच्यासारख्या, नाश्ता करून, मग बाहेर.

गोळी विसरलात तर

सूर्य: दुपारी १२ पर्यंत आठवलं तर काहीतरी खाऊन घ्या. १२ वाजून गेले तर त्या वेळची सोडून द्या.
थेंब: दुपारी ४ पर्यंत घ्या. नंतर आठवली तर सोडा, दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीची १.
चंद्र: झोपायच्या आधी आठवलं तर काहीतरी खाऊन घ्या. झोपून उठलात तर सोडा.
राहिलेली भरून काढायला दोन एकदम घ्यायच्या नाहीत. कधीच नाही.

आधीच्या गोळ्यांची डबी आहे घरी. तिच्यातलं काहीही घेऊ नका. ती डबी सोमवारी घेऊन या, आपण बसून वेगळ्या करू.

वजन

वजनावरून पाणी साचतंय हे सगळ्यात आधी कळतं. पाय सुजायच्या आधी काटा सांगतो. तुम्ही आयुष्यभर काट्यावर मासळी तोलली, तुम्हाला हे मी काय शिकवणार!

रोज सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन या. चहाच्या आधी, रोज सारख्याच हलक्या कपड्यांत, मुलाने आणलेल्या काट्यावर उभ्या राहा. काटा लादीवर ठेवा, चटईवर नको. नातीने कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात आकडा लिहायचा.

आज इथे वजन ५८ किलो आहे. घरच्या काट्यावर थोडं वेगळं दिसेल. उद्या सकाळी घरी जो आकडा येईल, तो आपला पहिला आकडा. त्याला लाल गोल करा. त्यात २ मिळवा. म्हणजे पहिला आकडा ५८ आला तर ६०. ५७ आला तर ५९. हा आकडा दिसला की त्याच दिवशी आम्हाला फोन. बरं वाटत असलं तरीही.

पाणी

दिवसभरात सगळं मिळून दीड लिटर. यात पाणी, चहा, दूध, ताक, पेज, सार, कालवणाचा रस, सगळं धरायचं.

मोजायचं कसं? सकाळी एक लिटरची एक आणि अर्ध्या लिटरची एक, अशा दोन बाटल्या भरून ठेवा. पाणी त्यातूनच प्या. कपभर चहा घेतला की तेवढाच कप पाणी बाटलीतून काढून टाका. बाटल्या रिकाम्या झाल्या की त्या दिवसाचं संपलं. घसा सुकला तर चूळ भरा, लवंग चघळा.

मीठ

मला माहीत आहे, सुकट, सुके बोंबील, जवळा आणि खारा बांगडा बंद करा म्हणणं म्हणजे तुमच्या घरातलं अर्धं जेवण काढून घेणं. तरीही सांगते: हे बंद. धुऊन, भिजवूनही नाही. मीठ पाणी धरून ठेवतं, मग थेंबाची गोळी पुरी पडत नाही.

ताजी मासळी खा, मजेत खा. लसूण, आलं, मिरची, लिंबू, चिंच टाका. दिवसाला तुमच्या वाट्याचं मीठ एक छोटा चमचा, सपाट भरलेला, शीग नको. सूनबाई, कालवणात मीठ घालायच्या आधी आईंचा वाटा वेगळ्या भांड्यात काढा. लोणचं, पापड, फरसाण, वेफर, चायनीज हे नको.

मीठ कमी म्हणून बाजारात जे ‘लो सोडियम’ मीठ मिळतं, ते आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोन आणि रामिप्रिल घेताना अंगात पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. शहाळंही त्याच कारणासाठी नको. पाहुणे आजारी माणसाला शहाळं घेऊन येतात, त्यांना सांगून ठेवा.

मिशरी बंद. इथे आठ दिवस लावली नाहीत, तेच पुढे चालू ठेवा.

गुडघा दुखला तर

पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, १ गोळी. परत लागली तर ६ तासांनी. दिवसात ४ पेक्षा जास्त नाही. पाण्यात फसफसणारी नको, तिच्यात सोडियम असतं. डायक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेन, गोळी असो की इंजेक्शन, घ्यायचं नाही. मेडिकलवाल्याला सांगा, ‘माझं हृदय कमजोर आहे.’ गल्लीतल्या डॉक्टरांनाही हा कागद दाखवा.

त्याच दिवशी फोन करा

सूनबाईंच्या मोबाईलमध्ये वॉर्डचा नंबर ‘हॉस्पिटल’ नावाने भरून दिला आहे. यातलं एक जरी झालं तरी फोन:

वजन लाल आकड्यापेक्षा २ किलो वाढलं.
पाय सुजले. नडगीवर अंगठा ५ सेकंद दाबा, खळगा राहिला म्हणजे सूज आहे. जोडवी रुतायला लागली तरी तेच.
आता दोन उश्यांवर झोपता. तिसरी लागायला लागली, किंवा रात्री दम लागून जाग आली.
नेहमीच्या कामाला आधीपेक्षा जास्त दम लागतो.
उठताना रोज चक्कर येते. (बिछान्यातून उठताना आधी बसा, मग उभ्या राहा.)
कोरडा खोकला थांबत नाही.
लघवी फार कमी झाली.
उलट्या किंवा जुलाब लागले. तेव्हा पुढची कुठलीही गोळी घ्यायच्या आधी विचारायचं, कारण अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं.

लगेच १०८

यातलं एक जरी झालं तर फोनवर आम्हाला विचारत बसू नका. रात्र असो, सण असो, १०८ लावा:

बसल्या जागी दम लागतो, एक वाक्य पुरं बोलता येत नाही.
छातीत दुखतं किंवा दाबल्यासारखं होतं.
खोकल्यातून गुलाबी फेस येतो.
ओठ निळे पडतात.
शुद्ध हरपते.
तोंड वाकडं होतं, एका बाजूचा हात-पाय गळतो, किंवा बोलणं अडखळतं.
ओठ, जीभ किंवा चेहरा सुजतो. हे रामिप्रिलने होऊ शकतं. ती गोळी परत घ्यायची नाही.

गाडी येईपर्यंत मावशींना बसवून ठेवा, पाय खाली सोडून. दम लागत असेल तर आडवं करू नका. शुद्ध हरपली तर मात्र कुशीवर झोपवा. कोळीवाड्याच्या गल्लीत ॲम्ब्युलन्स आत येत नाही, म्हणून घरातल्या एकाने धावत मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभं राहायचं. कोण जाणार ते आजच ठरवा.

आता नातीसाठी

बाळा, कागद खाली ठेव आणि आजीला विचार: थेंबाची गोळी कधी? किती? काट्यावर काय दिसलं की फोन? १०८ कशाला लावायचा? तिला तिच्या शब्दांत सांगू दे. अडली तर ओरडू नकोस, तो भाग परत वाच. उद्या आणि परवाही विचार. हा कागद फ्रिजच्या दारावर लाव, खाली, आजीच्या नजरेसमोर.

पुढच्या सोमवारी

सकाळी ९ वाजता, हृदयाच्या ओपीडीत. नाश्ता करून, सूर्याच्या गोळ्या खाऊन या. फक्त थेंबाची गोळी सोबत आणा, रांगेत उभं राहायचं असेल, घरी गेल्यावर घ्या. रक्त तपासायचं आहे: मूत्रपिंड कसं चाललंय आणि पोटॅशियम किती आहे. ही तपासणी चुकवायची नाही, पुढचा डोस त्यावरच ठरतो.

१४ दिवसांच्या गोळ्या दिल्या आहेत: कार्व्हेडिलॉल २८, बाकी तिन्ही १४-१४. सोबत आणा: तीन पाकिटं, जुन्या गोळ्यांची डबी, वजन लिहिलेलं कॅलेंडरचं पान आणि हा कागद. मी सकाळच्या पाळीला आहे, वॉर्डात येऊन भेटा.

तुमची वॉर्डातली सिस्टर