सुधारित रोख पावती

श्री समर्थ फर्निचर, विटा, जि. सांगली
पावती क्र. ११८ (पावती क्र. ११२ च्या बदली)
पैसे मिळाल्याची तारीख : ९ जून २०२५, सोमवार
ही पावती लिहिल्याची तारीख : १२ जून २०२५, गुरुवार

सौ. सुनंदा कदम, रा. विटा, यांच्याकडून रोख रु. १८,०००/- (अक्षरी रुपये अठरा हजार फक्त) मिळाले. पैसे त्यांचे पुतणे राहुल कदम यांनी दुकानात आणून दिले. पाचशेच्या ३६ नोटा गल्ल्यावर दोघांसमोर मोजून घेतल्या. जमा सौ. सुनंदा कदम यांच्याच नावे धरली आहे.

कशापोटी : सागवानी डबल बेड, खाली सामानाच्या पेटीसह, रु. २९,०००/- आणि दोन दारांचे कपाट रु. १७,५००/-, एकूण रु. ४६,५००/- (करासह), या ऑर्डरची आगाऊ रक्कम.

बाकी : रु. २८,५००/-. ती माल घरी पोचवून, जोडून दिल्यावर घेऊ. माल २५ जून २०२५ पर्यंत द्यायचा आहे. पक्के बिल त्या दिवशी होईल व त्यात हे रु. १८,०००/- वजा दाखवले जातील.

मार्चमध्ये नेलेल्या खुर्च्यांची उधारी रु. ४,२००/- वेगळी आहे. वरील रकमेतून त्या खात्यात काहीही वळते केलेले नाही.

पावती क्र. ११२ वर 'राहुल कदम, हिशेबापोटी रोख १८,०००' एवढेच लिहिले होते, तारीख नव्हती. ती परत घेऊन, आडवी रेघ मारून 'रद्द' लिहून स्थळप्रतीला चिकटवली आहे. दोन्ही पावत्या एकाच रकमेच्या आहेत. पैसे दोनदा मिळालेले नाहीत.

रक्कम पाच हजारांवर असल्याने एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही केली आहे.

पैसे घेणार : विलास साळुंखे, मालक
पावती मिळाली : सुनंदा कदम

*(पावतीला जोडलेली चिठ्ठी)*

काकू, नमस्कार.
तुम्ही म्हणालात तशी पावती नव्याने केली. 'हिशेबापोटी' लिहिलं की खुर्च्यांचे पैसे फिटले असं तुम्ही धराल आणि बेडचा ॲडव्हान्स आला असं आमचा कारागीर धरेल, म्हणून उधारीची ओळ मुद्दाम वेगळी घातली. ते ४,२०० सवडीने द्या, त्यासाठी बेड अडवणार नाही.

राहुलचं नाव मात्र काढलेलं नाही. नोटा त्याने मोजून दिल्या, तेव्हा ते कागदावर असावं असं मला वाटतं. तुमची हरकत असेल तर सही करण्याआधी सांगा; एकदा सही झाली की खाडाखोड करायची नाही, पुन्हा नवीच पावती फाडावी लागेल.

कपाटाला आरसा आतून की बाहेरून, ते शनिवारपर्यंत कळवा. सुतार थांबलाय.

विलास